‘बहुधा साधी गाठ’ : सोनोग्राफीचा रिपोर्ट मराठीत आणताना

आमच्या गल्लीतील एका भाभीच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये पुढील मजकूर होता. मूळ इंग्रजी, मी तो येथे देवनागरीत उतरवते आहे :

‘लेफ्ट ब्रेस्ट, टू ओक्लॉक पोझिशन, थ्री सेंटिमीटर फ्रॉम निपल : वेल सर्कमस्क्राइब्ड, ओव्हल, हायपोएकोइक लीजन, मेझरिंग १४ × ८ × ११ मिलिमीटर, वायडर दॅन टॉल. नो सिग्निफिकंट ॲक्सिलरी लिम्फॅडेनोपथी. इम्प्रेशन : प्रॉबॅब्ली बिनाइन लीजन, लाइकली फायब्रोॲडेनोमा. बायरॅड्स ३. फॉलोअप सोनोग्राफी आफ्टर सिक्स मंथ्स. क्लिनिकल कोरिलेशन ॲडव्हाइज्ड.’

भाभीचे वय चौतीस. डॉक्टरांची वेळ दोन दिवसांनंतरची मिळाली होती आणि रिपोर्ट मात्र त्याच संध्याकाळी हातात आला होता. या दोन दिवसांत घरात त्या मजकुराचे तीन वेगवेगळे अर्थ तयार झाले. कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याने डिक्शनरी पाहून सांगितले, ‘कदाचित सौम्य आहे.’ हे ऐकून भाभीला वाटले की कॅन्सर आहे, पण सौम्य प्रकारचा. सासूबाईंनी सर्वांना धीर दिला, ‘कुछ नहीं है, साफ लिखा है.’ आणि नणंदेने तळाचा आकडा वाचून तोंडावर हात ठेवला : ‘तीन! म्हणजे तिसरी स्टेज?’

तिघांचाही हेतू चांगला होता, आणि तिघांनीही रिपोर्ट जे सांगत नव्हता ते सांगितले. भाभी माझ्याकडे आली तेव्हा तिचा एकच प्रश्न होता, ‘आपा, यात नेमके लिहिले काय आहे, तेवढेच मला मराठीत लिहून द्या.’ शाळेत मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवत असल्यामुळे असे कागद माझ्याकडे अधूनमधून येतात. ‘नेमके लिहिले काय आहे’ हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नसतो.

आधी आकड्याची भीती दूर करू. बायरॅड्स ही अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजी या संस्थेने स्तनाच्या तपासण्यांचे अहवाल एकसारख्या भाषेत लिहिले जावेत म्हणून केलेली पद्धत आहे. तिच्यात शून्य ते सहा असे वर्ग आहेत. एक म्हणजे वेगळे काही दिसले नाही. दोन म्हणजे जे दिसले ते साधे आहे. तीन म्हणजे बहुधा साधे आहे. चार म्हणजे संशय घेण्याजोगे, आणि पाच म्हणजे कॅन्सरचा दाट संशय. सहा हा वर्ग कॅन्सर असल्याचे तुकडा तपासून आधीच सिद्ध झालेल्यांसाठी असतो. शून्याचा अर्थ ‘काही नाही’ असा नाही. तपासणी अपुरी आहे, आणखी चित्रे काढावी लागतील, असा आहे. कॅन्सरच्या स्टेजशी या आकड्यांचा काहीही संबंध नाही. स्टेज ही कॅन्सर आहे असे सिद्ध झाल्यानंतर तो किती पसरला हे सांगते. बायरॅड्स हा चित्रात दिसलेल्या गोष्टीबद्दल किती संशय घ्यावा हे सांगतो. म्हणून मराठी कागदावर मी नुसते ‘३’ लिहीत नाही आणि ‘पायरी’ किंवा ‘टप्पा’ हे शब्दही वापरत नाही. ‘बायरॅड्स वर्ग ३’ एवढे लिहिते आणि खाली वेगळ्या ओळीत ‘ही स्टेज नव्हे’ असे नमूद करते.

आता मुख्य शब्द. ‘बिनाइन’ला मराठी वैद्यकीय पुस्तकांत ‘सौम्य’ म्हणतात. पुस्तकात तो चालतो, घरात चालत नाही. आपण सौम्य ताप म्हणतो, सौम्य लक्षणे म्हणतो. ताप सौम्य असला तरी तो तापच असतो. त्यामुळे ‘सौम्य गाठ’ ऐकणारीच्या मनात ‘थोडासा कॅन्सर’ असे चित्र उभे राहते, आणि भाभीच्या बाबतीत नेमके तेच झाले. बायकांच्या बोलण्यात यासाठी चांगला शब्द आधीपासून आहे : साधी गाठ. तोच मी घेते, आणि पहिल्यांदा वापरताना त्याला जोडून ‘म्हणजे कॅन्सरची नसलेली’ असे लिहिते.

‘प्रॉबॅब्ली’ अधिक अवघड आहे. त्याच्यासाठी आपल्याकडे पाच-सहा शब्द आहेत आणि प्रत्येकाचे वजन वेगळे आहे. एकदा नववीच्या वर्गात मी फळ्यावर आडवी रेघ काढली. एका टोकाला ‘नक्की नाही होणार’, दुसऱ्या टोकाला ‘नक्की होणार’. मग मुलांना म्हटले, ‘कदाचित पाऊस येईल’ आणि ‘बहुधा पाऊस येईल’ ही वाक्ये रेघेवर ठेवा. ‘कदाचित’ मधल्या बिंदूच्या आसपास घुटमळले. ‘बहुधा’ मात्र सर्वांनी दुसऱ्या टोकाकडे नेले, आणि एक मुलगा म्हणाला, ‘बहुधा म्हटले तर मी छत्री घेऊन निघेन.’ वर्ग तीनची व्याख्या पाहिली तर तेथे कॅन्सर निघण्याची शक्यता शेकडा दोनपेक्षा जास्त नसते. म्हणजे असा वर्ग मिळालेल्या शंभर जणींपैकी निदान अठ्ठ्याण्णव जणींची गाठ साधी असते. तेथे ‘कदाचित’ लिहिणे म्हणजे ही खात्री अर्ध्यावर आणून ठेवणे.

‘बहुतेक’ जवळचा आहे, पण त्याला दुसरा अर्थ आहे. ‘गाठ बहुतेक साधी आहे’ हे वाक्य एखादी ‘गाठीचा बहुतेक भाग साधा आहे’ असे ऐकू शकते, आणि मग उरलेल्या भागाचे काय, या विचाराने तिची झोप उडते. ‘शक्यतो’चा अर्थच वेगळा; शक्यतो उशीर करू नका, असे आपण म्हणतो. ‘संभाव्य’ सरकारी पत्रकातला शब्द आहे आणि तो ‘होऊ शकते’ एवढेच सांगतो. सगळे तपासून ‘बहुधा’ उरतो. घरी उर्दू बोलणाऱ्या वडीलधाऱ्या बायकांसाठी लिहायचे झाले तर हाच फरक ‘शायद’ आणि ‘ग़ालिबन’ यांत आहे. ‘शायद’ म्हणजे आपले कदाचित. ‘ग़ालिबन’ म्हणजे गुमानाचे पारडे एका बाजूला स्पष्ट झुकलेले आहे, तरी खात्री नाही. सासूबाईंना मी तोंडी सांगितले, ‘ग़ालिब गुमान यही है के गाँठ सादी है, मगर छे महीने बाद फिर देखना है.’ त्यांना ते लगेच उमगले. ‘कुछ नहीं है’ ही त्यांची दुआ होती; रिपोर्टचे वाक्य तेवढे पुढे गेलेले नव्हते.

वाक्याची दिशाही बदलायची नाही. ‘कॅन्सर असण्याची शक्यता कमी आहे’ हे गणिताने तेच, पण ऐकणारीला त्यातले पहिले दोनच शब्द ऐकू येतात. मूळ वाक्य ‘साधी’ या बाजूने लिहिलेले आहे, तर मराठीही त्याच बाजूने लिहावी. माझ्या कागदावर ओळ अशी गेली : ‘ही बहुधा साधी (म्हणजे कॅन्सरची नसलेली) गाठ आहे.’

त्याच ओळीत दुसरा सावध शब्द आहे, ‘लाइकली’. घाईत येथेही ‘बहुधा’ लिहून मोकळे होता येते. पण दोन्हींचे काम वेगळे आहे. ‘प्रॉबॅब्ली बिनाइन’ ही बायरॅड्समधली ठरलेली जोडी आहे, तिच्यामागे वर सांगितलेली व्याख्या उभी आहे. ‘लाइकली फायब्रोॲडेनोमा’ हा डॉक्टरांचा अंदाज आहे की साध्या गाठींपैकी ही अमुक जातीची असावी. म्हणून ‘बहुधा’ हा शब्द मी पहिल्यासाठी राखून ठेवते आणि दुसऱ्यासाठी लिहिते, ‘फायब्रोॲडेनोमा असण्याचा संभव अधिक’. फायब्रोॲडेनोमा हे नाव तसेच राहू देते. तरुण बायकांत बऱ्याचदा आढळणारी, दुधाच्या ग्रंथींच्या आणि तंतूंच्या पेशींपासून बनलेली ही साधी घट्ट गाठ असते, हे मी खाली टीप म्हणून लिहिते. एका इंग्रजी शब्दाला प्रत्येक वेळी एकच मराठी शब्द, हा नियम कंटाळवाणा वाटेल. निबंधात मी मुलांना नेमके उलट शिकवते. पण पुढच्या रिपोर्टमध्ये ‘प्रॉबॅब्ली’ गळून नुसते ‘बिनाइन’ आले, किंवा तेथे ‘सस्पिशस’ आले, तर तो बदल मराठीतही दिसला पाहिजे. आज ‘बहुधा’, उद्या ‘बहुतेक’ असे लिहिले तर काहीही बदललेले नसताना काहीतरी बदलल्यासारखे वाटेल.

आता मापे. या रिपोर्टमध्ये ‘तीन सेंटिमीटर’ असे शब्द आहेत, आणि घरात सर्वांनी तोच गाठीचा आकार समजला होता. तो आकार नाही. गाठ निपलपासून किती अंतरावर आहे ते माप आहे. गाठीचा आकार पुढे आहे : १४ × ८ × ११ मिलिमीटर, म्हणजे दीड सेंटिमीटरलाही थोडी कमी. अंतर आणि आकार एका वाक्यात ठेवले की हा घोटाळा होतो, म्हणून मी दोन ओळी करते. ‘जागा : डावा स्तन, घड्याळातील दोनच्या दिशेला, निपलपासून ३ सेंटिमीटर अंतरावर.’ आणि खाली, ‘आकार : १४ × ८ × ११ मिलिमीटर.’ घड्याळ बाईच्या समोर उभे राहून पाहणाऱ्याचे धरतात. डाव्या स्तनात दोन वाजण्याची जागा वरच्या बाजूला आणि बाहेर, काखेकडे येते. उजव्या स्तनात तीच जागा आत, छातीच्या मध्याकडे येते. म्हणून डावा-उजवा शब्द चुकला तर घड्याळाचा आकडा बरोबर असूनही जागा चुकते.

माप आपल्या सोयीने बदलायचे नाही. लोक बोराएवढी, सुपारीएवढी, हरभऱ्याएवढी असे विचारतात. तोंडी अंदाज द्यायला हरकत नाही, कागदावर मात्र मिलिमीटरच. कारण सहा महिन्यांनी याच आकड्याशी तुलना होणार आहे. अशा गाठीची सर्वांत मोठी बाजू सहा महिन्यांत वीस टक्क्यांहून अधिक वाढली, तर सुईने तुकडा घेऊन तपासण्याचा सल्ला सहसा दिला जातो. भाभीच्या गाठीचा हिशोब करू. १४ चे वीस टक्के म्हणजे २.८. म्हणजे गाठ १७ मिलिमीटर झाली तर ती या रेषेच्या पलीकडे गेली. आता समजा मी सोपे करून ‘साधारण दीड सेंटिमीटर’ लिहिले असते, आणि पुढच्या वेळी १७ आले असते. ‘दीडची पावणेदोन झाली, त्यात काय एवढे’ असे कोणीही म्हणेल. उलट पुढच्या वेळी १५ आले, तर एखादी ‘वाढली!’ म्हणून घाबरेल. सोनोग्राफीत एक-दोन मिलिमीटरचा फरक यंत्र धरणाऱ्या हातानेही पडतो. मूळ आकडा समोर असेल तरच हे दोन्ही फरक ओळखता येतात.

तीन मापांचा क्रमही तसाच ठेवावा. भाभीच्या रिपोर्टमध्ये ८ हे त्वचेपासून आत जाणारे, खोलीचे माप होते. ‘वायडर दॅन टॉल’ याचा अर्थ तेथेच लागतो : गाठ आत जितकी खोल आहे त्यापेक्षा त्वचेच्या बाजूने आडवी जास्त पसरलेली आहे, आणि हे चांगले लक्षण मानतात. ‘उंचीपेक्षा जाड’ असे कोणी लिहिले तर वाचणारी गोंधळेल.

हाताने लिहिताना आणखी एक गोष्ट मी पाळते. मासिकात देवनागरी आकडे शोभतात, पण रुग्णाच्या कागदावर मी रिपोर्टमधलेच इंग्रजी आकडे ठेवते. देवनागरीतला १ इंग्रजी नवासारखा आणि ४ इंग्रजी आठासारखा दिसतो. घाईत लिहिलेला ‘१४’ एखाद्या अमराठी नर्सला अठ्ठ्याण्णव वाटू शकतो. तसेच मिलिमीटरचे सेंटिमीटर करायचे नाहीत, १.४ मधला टिंब दुमडलेल्या कागदाच्या घडीत गेला की चौदा सेंटिमीटरची गाठ तयार होते.

इतर शब्दांतले दोनच सांगते, कारण ते डिक्शनरीत पाहिले की हमखास फसवतात. ‘लीजन’चा अर्थ डिक्शनरी जखम किंवा व्रण देते. येथे जखम कोठेच नाही; आजूबाजूच्या भागापेक्षा वेगळा दिसणारा भाग, एवढाच त्याचा अर्थ आहे. अशा ठिकाणी काही रिपोर्टमध्ये ‘मास’ असतो, आणि आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात मासला वस्तुमान म्हणतात! दुसरा, ‘नो सिग्निफिकंट’. काखेतल्या लसीका गाठींबद्दल ‘नो सिग्निफिकंट’ लिहिले आहे, ‘नो’ एवढेच नाही. लसीका गाठी सर्वांच्याच काखेत असतात. म्हणून ‘काखेत गाठी नाहीत’ हे भाषांतर चूक. मी लिहिले, ‘काखेत काळजी करण्याजोग्या वाढलेल्या लसीका गाठी दिसल्या नाहीत.’ ‘नाहीत’ आणि ‘दिसल्या नाहीत’ यांतले अंतरही ठेवले पाहिजे. रिपोर्ट चित्रात काय दिसले तेवढेच सांगतो.

म्हणूनच शेवटी ‘क्लिनिकल कोरिलेशन’ येते. त्याचे ‘चिकित्सीय सहसंबंध’ असे मराठी करून कोणाचेच भले होत नाही. ‘हाताने तपासून, त्रास आणि घरातला आजारांचा इतिहास विचारून, डॉक्टरांनी हा रिपोर्ट त्याच्याशी ताडून पाहावा’, इतके लांब लिहावे लागले तरी चालेल. भाभीच्या सख्ख्या मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला होता. हे सोनोग्राफी करणाऱ्यांना कोणी सांगितले नव्हते. कोरिलेशनचा अर्थ कळल्यावर तिने ते स्वतः डॉक्टरांना सांगितले.

कागदाची मांडणी मी अशी ठेवली. डावीकडे मूळ ओळ, जशीच्या तशी. उजवीकडे तिचे मराठी, एकही शब्द जास्त नाही. ‘शंभरात दोन’ हा आकडा रिपोर्टमध्ये नव्हता, म्हणून तो भाषांतरात घातला नाही. रेघ मारून खाली ‘माहितीसाठी’ म्हणून वेगळा लिहिला. असे वेगळे ठेवले नाही तर पुढे कोणाला कळत नाही की कोणते वाक्य डॉक्टरांचे आणि कोणते मास्तरीणबाईंचे. वर ‘उपचारासाठी मूळ इंग्रजी रिपोर्टच दाखवावा’ असे लिहिले. एखादा शब्द मला उलगडला नाही तर तो तसाच देवनागरीत ठेवून त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकते, म्हणजे रुग्णाने तो डॉक्टरांनाच विचारावा. आणि वर्ग चार किंवा पाच असेल तर कागद लिहीत बसत नाही. डॉक्टरांची वेळ आजच घ्या, मी बरोबर येते, असे सांगते.

‘सहा महिन्यांनी’ हे मी तारखेत लिहिते. रिपोर्ट १२ फेब्रुवारीचा, तर ‘१२ ऑगस्टच्या सुमारास पुन्हा सोनोग्राफी, शक्य तर त्याच ठिकाणी, हा रिपोर्ट आणि फिल्म सोबत नेणे’. रमजाननंतर बघू, शाळा सुरू झाल्या की बघू, लग्न उरकले की बघू, असे करता करता सहाचे अठरा महिने होतात. वर्ग तीन असलेल्या गाठीला हात न लावता नुसते पाहत राहणे सुरक्षित मानले जाते, पण त्यात पाहणे हीच तर अट आहे. सहसा सहा, बारा आणि चोवीस महिन्यांनी पाहतात. दोन वर्षे गाठ तशीच राहिली तर ‘बहुधा’ काढून टाकतात आणि वर्ग दोन देतात.

डॉक्टरांनी भाभीला हाताने तपासले, मावशीबद्दल विचारले आणि सहा महिने थांबायचे ठरवले. ऑगस्टमध्ये ती त्याच ठिकाणी गेली. नव्या रिपोर्टमध्ये माप आले १५ × ८ × ११, आणि खाली ‘नो सिग्निफिकंट इंटर्व्हल चेंज, बायरॅड्स ३’. नणंद पुन्हा म्हणाली, ‘एकने वाढली की!’ या वेळी भाभीने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि तिला सांगितले की चौदाला एक म्हणजे सात टक्के, आणि इंटर्व्हल चेंज म्हणजे मागच्या व आताच्या तपासणीतला फरक. मग तिने माझ्याकडून मराठी कागदावर पुढची तारीख लिहून घेतली : १२ फेब्रुवारी.